वेदांताची उजळणी : अद्वैत आणि द्वैत, समोरासमोर

मागच्या आठवड्यात प्रस्थानत्रयीची ओळख झाली. उपनिषदं, ब्रह्मसूत्रं आणि भगवद्गीता हे तिन्ही ग्रंथ शंकराचार्य मानतात, मध्वाचार्यही मानतात. तरीही दोघांचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध टोकांना जातात. एम. ए.च्या परीक्षेत या विरोधावर हमखास प्रश्न येतो आणि हिंगोली, वसमत, कळमनुरीकडचे विद्यार्थी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून तक्ता करायला बसतात. तक्ता करणं चांगलंच. पण बहुतेक वह्यांमध्ये डावीकडे ‘ब्रह्म’, ‘माया’, ‘जीव’ असे शब्द असतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. ‘माया’ हा शब्द मध्वांकडेही आहे, मात्र तिथे तो ईश्वराच्या इच्छेसाठी किंवा सामर्थ्यासाठी येतो. एका ओळीत दोन वेगळे विषय बसले की तुलना कसली होणार? म्हणून डावीकडे दोघांनाही विचारता येईल असा प्रश्न लिहावा.

| प्रश्न | अद्वैत (शंकराचार्य) | द्वैत (मध्वाचार्य) |
|---|---|---|
| अंतिम तत्त्व कोणतं? | निर्गुण ब्रह्म | सर्वगुणपरिपूर्ण विष्णू, एकमेव स्वतंत्र तत्त्व |
| जीव आणि ब्रह्म यांचं नातं काय? | मुळात ऐक्य. भेद उपाधीमुळे भासतो | कायमचा भेद. जीव ईश्वराधीन |
| जगाचं स्वरूप काय? | मिथ्या, व्यवहारापुरतं सत्य | सत्य, पण ईश्वराधीन |
| दोरीवर दिसलेला साप काय आहे? | अनिर्वचनीय: सत् नाही, असत्‌ही नाही | तिथे मुळीच नाही, असत् असून सत् वाटला |
| मोक्ष कशाने मिळतो? | ज्ञानाने, कर्म-उपासना चित्तशुद्धीसाठी | ज्ञानयुक्त भक्तीने लाभणाऱ्या ईश्वरकृपेने |
| मोक्षात भेद उरतो का? | नाही | हो, आनंदाचं तारतम्यही उरतं |

हा तक्ता वरून खाली पाठ करण्यापेक्षा चौथ्या ओळीपासून समजून घेतलेला बरा. अंधारात दोरी सापासारखी दिसली. अद्वैती म्हणतो, हा साप खरा नाही, कारण उजेडात त्याचा बाध होतो. पण तो अगदीच नव्हता असंही म्हणता येत नाही, कारण जे मुळीच नाही ते दिसतही नाही. म्हणून तो सत् आणि असत् या दोहोंपेक्षा वेगळा, म्हणजे मिथ्या. मध्वांना ही तिसरी कोटी मान्य नाही. त्यांच्या मते वस्तू एक तर असते किंवा नसते. साप नव्हता आणि नसलेलाच आहे असा वाटला. ही तिसरी कोटी काढून घेतली की जगाला मिथ्या म्हणण्याचा आधारच जातो. जग दिसतं, टिकतं, व्यवहार करतं, तेव्हा ते सत्यच ठरतं. तिसऱ्या ओळीतला मतभेद असा चौथ्या ओळीतून उगवतो. न्यायामृत या ग्रंथात व्यासतीर्थांनी अद्वैताच्या मिथ्यात्वाच्या व्याख्यांवरच नेमका हल्ला चढवला आणि मधुसूदन सरस्वतींनी अद्वैतसिद्धीत त्याला उत्तर दिलं. पुढची वादपरंपरा या दोन ग्रंथांभोवती वाढली.

इथे दोन चुका वारंवार होतात. शंकराचार्यांच्या मते जग नाहीच, असं लिहिलं जातं. ते चूक आहे. आकाशपुष्पासारख्या नसलेल्या वस्तूला अद्वैती ‘तुच्छ’ म्हणतो, मिथ्या नव्हे. दुसरी चूक द्वैताबद्दलची. द्वैत म्हणजे बरोबरीची दोन तत्त्वं, एक देव आणि एक जीव, असा समज असतो. मध्वांची मूळ विभागणी स्वतंत्र आणि परतंत्र अशी आहे. स्वतंत्र फक्त विष्णू. जीव आणि जड दोन्ही परतंत्र. त्यावर पाच भेद येतात: ईश्वर-जीव, ईश्वर-जड, जीव-जीव, जीव-जड आणि जड-जड. उत्तरात पहिल्या भेदावरच थांबलं तर उत्तर अर्धवट राहतं.

आता एकच वाक्य दोन्ही स्तंभांतून वाचून पाहू. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ‘तत्त्वमसि’ हा उपदेश नऊ वेळा करतो. अद्वैतात त्याचा अर्थ भागत्यागलक्षणेने लागतो. काल त्या गावात पाहिलेला देवदत्त आज इथे भेटला, तर आपण काळ आणि ठिकाण बाजूला ठेवून माणूस तोच आहे असं ओळखतो. तसं ‘तत्’मधलं सर्वज्ञत्व आणि ‘त्वम्’मधलं अल्पज्ञत्व सोडलं की उरणारं चैतन्य एकच.

मध्व त्याच ओळीतली संधी वेगळी सोडवतात. आधीचा शब्द ‘आत्मा’ आहे. त्याच्या पुढे ‘तत्’ असो की ‘अतत्’, उच्चार सारखाच होतो, कारण आ आणि अ मिळून आ होतो. मध्व ‘अतत्’ घेतात: तू ते नाहीस. केवळ व्याकरणावर ते विसंबत नाहीत. प्रकरणातले दृष्टांतही साक्षीला आणतात. दोरीला बांधलेला पक्षी आणि दोरी एक नसतात. समुद्राला मिळालेल्या नद्यांना आपण कोणती नदी होतो हे कळत नाही, असं उपनिषद सांगतं. यात अद्वैती नद्यांचं वेगळेपण संपलेलं पाहतो, तर द्वैती म्हणतो, भेद कळला नाही म्हणून तो नाहीसा झाला असं होत नाही. ‘अतत्’ न घेताही जीव ईश्वरासारखा किंवा ईश्वराच्या अधीन आहे, असे अर्थ द्वैत परंपरा लावते. परीक्षेत फक्त अकार लिहून दृष्टांत वगळले तर मध्वांचा युक्तिवाद शब्दांची ओढाताण वाटतो आणि ते त्यांच्यावर अन्यायाचं आहे.

तक्त्याचा खरा कस एखादं उदाहरण त्यात बसवून पाहताना लागतो. हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीला संत नामदेवांचं जन्मस्थान मानतात आणि त्यांचा काळ 1270 ते 1350 असा धरला जातो. औंढा नागनाथची परंपरेतली कथा सर्वांना ठाऊक आहे. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले, नामदेव हरकत घेतात. देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असं विसोबा सांगतात आणि जिथे पाय ठेवावे तिथे पिंड दिसू लागते. विद्यार्थी ही कथा झटकन अद्वैताच्या स्तंभात टाकतात.

पण कथा ईश्वराचं सर्वव्यापित्व सांगते आणि ते मध्वांनाही मान्य आहे. त्यांचा विष्णू सर्वांचा अंतर्यामी आहे. अद्वैत ठरवायला दुसऱ्या ओळीचं उत्तर हवं: नामदेव आणि ती पिंड मुळात एक आहेत का? नुसत्या या प्रसंगावरून ते निघत नाही. उलट, नामदेव पुढे जन्मभर विठ्ठलाची भक्ती करत राहिले म्हणून ते द्वैती, हेही चालणार नाही. व्यवहाराच्या पातळीवर उपासनेला अद्वैतात जागा आहे आणि अद्वैतसिद्धी लिहिणाऱ्या मधुसूदन सरस्वतींनीच भक्तिरसायनही लिहिलं. ज्ञानेश्वरांचं प्रकरण आणखी अवघड आहे. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचंच खंडन करतात, त्यामुळे ऐक्य मानूनही शांकर मताच्या चौकटीत ते नीट बसत नाहीत. अशा प्रश्नात आधी दुसऱ्या आणि शेवटच्या ओळीचा पुरावा संतांच्या रचनांत शोधावा; तो मिळाला नाही तर तसं स्पष्ट लिहावं.

पुढच्या आठवड्यात तक्त्यात तिसरा स्तंभ येईल, रामानुजाचार्यांचा. जीव आणि जग यांना ब्रह्माचं शरीर मानल्यावर ‘मोक्षात भेद उरतो का?’ या ओळीत काय लिहायचं, तिथून सुरुवात करू.