अनबॉक्सिंग रीलचे कॅप्शन आणि पडद्यावरील मजकूर : पहिल्यांदा इअरफोन घेणाऱ्यांसाठी

या पाठात आपण ३० सेकंदांच्या एका रीलसाठी शब्द लिहिणार आहोत. वस्तू आहे १,२९९ रुपयांचे बिनतारी इअरबड. कंपनीने ते मोफत पाठवले आहेत, असे उदाहरणापुरते धरू.

मजकुराचे काम

डबा उघडणारे हात, केसचा रंग आणि चमक चित्रात दिसतेच. ‘सुंदर डिझाइन’ असे पुन्हा लिहिले तर जागा वाया जाते. पहिल्यांदा इअरफोन घेणाऱ्याला चित्र पाहूनही जे कळत नाही, तेच पडद्यावर लिहावे. अनेक जण रील आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून फक्त बोलण्यात सांगितलेली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

नमुना

| सेकंद | दृश्य | पडद्यावरील मजकूर |
|---|---|---|
| ०–३ | बंद डबा | पहिलेच इअरबड? डब्यात काय येतं ते बघा |
| ३–९ | सगळ्या वस्तू मांडलेल्या | बड २, केस, ३ मापांच्या टिप, केबल. चार्जर नाही |
| ९–१५ | बडवरची पारदर्शक पट्टी | आधी ही पट्टी काढा, नाहीतर चार्ज होणार नाही |
| १५–२१ | रबरी टिप बदलताना | आवाज पोकळ वाटतो? टिपचं माप बदला |
| २१–२७ | केस आणि बड | सलग ६ तास. केसमधून आणखी ४ वेळा चार्ज |
| २७–३० | हातात केस | १,२९९ रुपये. बाकी कॅप्शनमध्ये |

तिसरी ओळ नीट पाहा. अनेक इअरबडच्या धातूच्या टोकांवर वाहतुकीसाठी पातळ पट्टी चिकटवलेली असते. नवखा ग्राहक ती न काढताच बड केसमध्ये ठेवतो आणि ‘एक कान बंद आहे’ म्हणून वस्तू परत पाठवतो. चौथ्या ओळीचे कारणही असेच आहे. टिप कानात घट्ट बसली नाही, तर खालचे सूर, म्हणजे बास, बाहेर निसटतात. दोष इअरबडचा नसतो, मापाचा असतो.

‘३० तास बॅटरी’ का लिहू नये

डब्यावर ‘३० तास’ छापलेले असते. हिशोब असा : बड एका चार्जवर ६ तास चालतात आणि केस त्यांना ४ वेळा भरते, म्हणजे ६ + २४ = ३०. आकडा खोटा नाही. पण नवखा वाचक त्यातून ‘कानात घालून सलग ३० तास’ असा अर्थ घेतो. म्हणून दोन्ही आकडे वेगळे लिहावेत. कंपनीचा आकडा बहुधा मध्यम आवाजावर मोजलेला असतो. तुम्ही स्वतः तपासला नसेल, तर कॅप्शनमध्ये ‘कंपनीच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द घाला.

जाहिरातीची खूण

वस्तू मोफत मिळाली असेल, तर पैसे घेतले नसले तरी ते सांगावे लागते. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मजकुराची जोड नसलेल्या व्हिडिओवर ही खूण प्रत्यक्ष पडद्यावर हवी. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती किमान ३ सेकंद, त्याहून मोठ्या पण २ मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओत एक तृतीयांश वेळ दिसावी. आपल्या रीलला कॅप्शन आहे, तरीही कॅप्शन न उघडणाऱ्यांसाठी हाच नियम पाळू : पहिली १० सेकंदे, वरच्या बाजूला, ‘जाहिरात : वस्तू कंपनीकडून मोफत’. रील मराठीत असेल तर खूणही मराठीतच लिहा.

कॅप्शन

कॅप्शनची सुरुवातच तेवढी आपोआप दिसते, पुढचे वाचायला बोट लावावे लागते. म्हणून खूण आणि मुख्य उपयोग सुरुवातीला :

> जाहिरात. पहिले इअरबड घेताय? या ३ गोष्टी आधी पाहा.
> १. बडवरची पट्टी काढा.
> २. तिन्ही मापांच्या टिप लावून बघा.
> ३. बॅटरी : सलग ६ तास, केससह ३० (कंपनीच्या म्हणण्यानुसार).
> डब्यात चार्जर नाही, टाइप-सी केबल आहे. किंमत चित्रणाच्या दिवशीची, बदलू शकते.

‘जाहिरात’ हा शब्द शेवटच्या हॅशटॅगच्या गर्दीत टाकला, तर तो असून नसल्यासारखा आहे.

तपासणी

प्रत्येक ओळ मोठ्याने दोनदा वाचा. तेवढ्या वेळेत दृश्य संपत असेल, तर ओळ छोटी करा. वस्तूंच्या यादीची ओळ आपण ६ सेकंद ठेवली ती यासाठीच. ॲपवर खालच्या भागात नाव व कॅप्शन आणि उजवीकडे बटणे येतात, त्यामुळे मजकूर मधल्या भागात ठेवा. देवनागरीत दोन ओळींमध्ये पुरेसे अंतर नसेल, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आणि रफारांवर चढतात. शेवटी रील लहान फोनवर, आवाज बंद करून, वस्तू न पाहिलेल्या व्यक्तीला दाखवा आणि विचारा : ‘हे सलग किती तास चालतात?’ उत्तर ‘तीस’ आले, तर पाचवी ओळ पुन्हा लिहा.

स्वाध्याय : तारेच्या टाइप-सी इअरफोनसाठी असाच तक्ता तयार करा. पहिल्या ३ सेकंदांत फोनच्या जोडणीबद्दल काय लिहाल?