60 महिन्यांतले फुकट किती?

इन्व्हर्टरची बॅटरी घेताना दुकानदार एकच आकडा ठसक्यात सांगतो: 60 महिने वॉरंटी. कार्डाच्या दर्शनी बाजूवर तोच आकडा ठळक छापलेला असतो. मागची बाजू मात्र मुंगीएवढ्या अक्षरांनी भरलेली असते, आणि ती वाचायची वेळ येते बॅटरी बसल्यावरच.

सांगलीच्या माझ्या मावसभावाने असाच एक फोटो पाठवला. कार्ड गुळगुळीत, त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, आणि व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेली अक्षरं. सोबत प्रश्न: ‘दादा, 60 महिने व्हायचेत अजून, नवी बॅटरी मिळेल ना?’ आधी त्याला कार्डाचा फोटो पुन्हा काढायला लावला. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, फ्लॅश बंद ठेवून, मागच्या बाजूचे दोन भाग वेगवेगळे. आणि पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून. तसा पाठवला की अक्षरं फुटत नाहीत. सीरियल नंबर तर कार्डावरून वाचूच नये, बॅटरीवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहावा. अंधुक फोटोत 8 आणि 3 यांत फरक कळत नाही, आणि एक आकडा चुकला की कंपनीच्या नोंदीत ती बॅटरी तुमची राहत नाही.

दुसऱ्या फोटोत पहिल्यांदा शोधायचं ते ‘36 + 24’. बहुतेक कार्डांवर 60 महिन्यांची अशी फोड असते. पहिले 36 महिने बॅटरीत निर्मितीचा दोष निघाला तर ती फुकट बदलून मिळते. पुढच्या 24 महिन्यांत मिळते ती फक्त सवलत. तिला कंपन्या ‘प्रो-राटा’ म्हणतात. बॅटरी जितकी जुनी तितकी सवलत कमी. महिने मोजायचे विक्रीच्या तारखेपासून, आणि ती तारीख बिलावरून किंवा नोंदणीवरून ठरते. काही कार्डांवर एक ओळ असते, की बिल किंवा नोंदणी नसेल तर मोजणी निर्मितीच्या तारखेपासून होईल. बॅटरी दुकानात चार महिने पडून असेल तर ते चार महिने तुमच्या खात्यातून गेले. म्हणून कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख असावीच; शिवाय दुकानातलं छापील बिल थर्मल कागदावरचं असेल तर वर्षभरात कोरं होऊ लागतं, त्याचा फोटो त्याच दिवशी काढलेला बरा.

आता हिशेब. भावाने बॅटरी घेतली 12 एप्रिल 2021 ला, तिने मान टाकली मे 2025 च्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे 50 वा महिना. त्याच्या कार्डावर 49 ते 60 महिन्यांसाठी 20 टक्के सवलत होती. भावाला वाटलं, दुकानात भरलेल्या पैशांवर 20 टक्के सुटले. पण बारीक ओळ म्हणते, सवलत ‘त्या दिवशीच्या एमआरपीवर’. एमआरपी 19,000 रुपये. 20 टक्के वजा केले की 15,200. जुनी बॅटरी कंपनी ठेवून घेणार. तीच नवी बॅटरी बाजारात दुकानदार 14,500 ला देत होता, आणि जुनी परत दिली तर 3,000 वजा करायला तयार होता. म्हणजे साध्या एक्स्चेंजमध्ये 11,500, आणि वॉरंटी वापरली तर 15,200! वॉरंटी न वापरण्यात 3,700 रुपयांचा फायदा. हा काही घोटाळा नव्हे. एमआरपी आणि बाजारभाव यांत अंतर असतं आणि जुन्या बॅटरीतल्या शिशाला भंगारात किंमत असते, एवढंच. भावाच्या आकड्यांत सवलत 40 टक्क्यांच्या आसपास गेली असती तरच क्लेम परवडला असता. दुकानागणिक भाव बदलतील, पण ही वजाबाकी कागदावर केल्याशिवाय प्रो-राटाला हो म्हणू नये.

फुकट बदलीच्या काळातही एक मेख आहे. समजा 34 व्या महिन्यात बॅटरी बदलून मिळाली. नव्या बॅटरीला नवे 36 महिने मिळत नाहीत. जुन्या वॉरंटीचा उरलेला काळ तेवढा पुढे चालतो, म्हणजे फुकट बदलीचे दोनच महिने.

मग येतात अपवाद. डबा फुटलेला, सीरियल नंबर खरवडलेला, आग, पूर, घरगुती बॅटरी ई-रिक्षाला जोडलेली: हे सगळं वॉरंटीबाहेर, आणि त्यात वादाला फारशी जागा नसते. वाद होतो तो दोन गोष्टींवरून. पहिली, पाणी. प्लेटा उघड्या पडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घातलं नाही, किंवा नळाचं पाणी घातलं, तर तो निर्मितीचा दोष धरत नाहीत. दुसरी ओळ अशी, की बॅटरी ‘फक्त डिस्चार्ज’ असेल तर ती चार्ज करून परत दिली जाईल.

हे ठरतं कसं? तक्रार टोल-फ्री क्रमांकावर किंवा डीलरकडे नोंदवली की सर्व्हिसचा माणूस येतो. तो हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या आम्लाची घनता मोजतो. पूर्ण चार्ज झालेल्या ट्यूब्युलर बॅटरीत ती साधारण 1.240 असते. सहाही सेल 1.140 च्या आसपास आले तर बॅटरी नुसती उतरली आहे. लांब लोडशेडिंग किंवा इन्व्हर्टरचं कमी चार्जिंग कारण असू शकतं. पण पूर्ण चार्ज केल्यावरही पाच सेल 1.230 आणि एकच 1.120 वर अडकलेला असेल, तर तो सेल गेला. क्लेमचं बळ या फरकात असतं. म्हणून तो माणूस आकडे लिहीत असताना शेजारी उभं राहावं आणि म्हणावं, ‘साहेब, सहाही सेलचे आकडे रिपोर्टवर लिहा आणि मला फोटो काढू द्या.’ बरेच जण बिनतक्रार लिहून देतात. नुसतं ‘बॅटरी ओके’ लिहिलेल्या कागदावर सही करू नये. तक्रार क्रमांकाशिवाय बॅटरी दुकानात सोडून येऊ नये, आणि सोडलीच तर सीरियल नंबर लिहिलेली पोच घ्यावी.

कार्डाच्या तळाशी आणखी दोन वाक्यं असतात. एक, कंपनीची जबाबदारी बॅटरीच्या किमतीपुरती. आम्ल सांडून फरशी खराब झाली किंवा इन्व्हर्टर जळला तर तो खर्च तुमचा. दुसरं, वाद फक्त कंपनीच्या शहरातल्या न्यायालयात चालेल. हे दुसरं वाक्य वाचून पुष्कळ लोक गप्प बसतात, आणि तिथे बसायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळदा कंपनी तिथेच उत्तर देते. आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे.