मुस्कट, काटे आणि झालर

सकाळी 6.40

मालवणचा दांडी किनारा. स्कूबाची होडी पाण्यात ढकलायच्या बेतात आहे. हवेच्या टाक्या चढल्या आहेत. ताई चहाचा कागदी कप घेऊन गाइडशी बोलतायत. हा पोरगा पर्यटकांना पाण्याखाली नेतो आणि मधल्या वेळात स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्यावर जवळून फोटो काढतो.

"घोडो गावलो तर बाजूसून फोटो काढ. समोरसून नको. आणि हात लावू नको."

"होय गे ताई."

होडी सुटते. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा ताई जुने साठलेले फोटो उपसत बसतात. त्यांचं काम एवढंच: पाण्याखालच्या फोटोत जे दिसतं त्याला नाव लावायचं. समुद्री घोडे, नळीमासे आणि कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी, हे तीन गट त्यांच्याकडे येतात.

सकाळी 8.00

घराच्या मागच्या खोलीत टेबल. लॅपटॉपला जोडलेला जुना मोठा पडदा. शेजारी शाळेच्या कंपासपेटीतला कर्कटक आणि पडद्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद. तो 30 रुपयांना मिळतो आणि महिन्याभरात टोचून टोचून खराब होतो.

कालचे फोटो उघडतात. काही एका सर्वेक्षणाचे, इथल्याच पाण्यातले. बाकीचे पुण्याच्या एका हौशी डायव्हरचे, इंडोनेशियातल्या लेंबेह सामुद्रधुनीतले. फोटोमागे 14 रुपये. नाव लागो न लागो, दर तोच. हा नियम ताईंनी स्वतः मागून घेतला. नाव लागलं तरच पैसे, असं ठरलं की माणूस अंदाजाने नाव लावायला लागतो.

आधी सगळे फोटो नखाएवढे करून एकाच वेळी पडद्यावर मांडतात. एवढ्या लहान आकारात रंग आणि नक्षी विरते, बाह्याकृती तेवढी उरते. मान काटकोनात वळलेली आणि शेपटीला वेटोळं, तो घोडा. सरळ काडी, डोकं अंगाच्याच रेषेत, तो नळीमासा. चपटा किंवा लांबुळका गोळा आणि एका टोकाला दोन शिंगं, ती गोगलगाय. चौथा ढीग संशयितांचा. त्यात समुद्री गवताची पाती असतात, हायड्रॉइडच्या फांद्या असतात, आणि कधी कधी या ढिगातच सगळ्यात चांगला नळीमासा निघतो. म्हणून तो ढीग ताई कधीच पुसून टाकत नाहीत.

सकाळी 9.30

घोड्यांचा ढीग. पहिला फोटो इथलाच, मातकट पाण्यातला. घोडा पिवळट, डोक्यावर आणि मानेवर केसांसारखे धागे लोंबतायत. माझी नजर त्या धाग्यांवरच जाते. ताई मान हलवतात.

"ते बघूच नका. ते आज आहेत, उद्या नाहीत."

घोड्याच्या अंगावरची ही झालर म्हणजे कातडीचे धागे. आजूबाजूला शेवाळ असेल तर ते वाढतात, पुढे झडतातही. एकाच जातीच्या दोन घोड्यांपैकी एक झुबकेदार आणि दुसरा गुळगुळीत असू शकतो. रंगही बदलतो. हाडाच्या कड्या, काटे आणि डोक्यावरचा मुकुट मात्र टिकतात. ताई फोटोचा उजेड वाढवतात आणि धाग्यांच्या खाली काय आहे ते शोधतात.

इथे प्रश्न दोन जातींचा आहे. हिप्पोकॅम्पस कुडा आणि हिप्पोकॅम्पस ट्रायमॅक्युलेटस. कुडाचं डोकं जाड, मुस्कट भरीव, मुकुट बुटका आणि मागे कललेला, अंग बहुतेक गुळगुळीत. ट्रायमॅक्युलेटसच्या नावातले तीन ठिपके पाठीच्या कडेला, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या कडीवर असतात. पण काळपट घोड्यात ते दिसतच नाहीत. मग गालावरचा आणि डोळ्यावरचा आकड्यासारखा वळलेला काटा शोधायचा. तो असेल तर ट्रायमॅक्युलेटस.

काटा अर्धा मिलिमीटरचा. फोटो व्हॉट्सअॅपवरून आला असेल तर तो पुसलेलाच असतो, कारण पाठवताना फोटो दाबला जातो. म्हणून ताई प्रत्येकाला तेच सांगतात: डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हा फोटो तसा आलाय. गाल मोठा करून पाहतात. गोल, बोथट कड. आकडा नाही. मुकुट मागे झुकलेला. शेजारच्या रकान्यात कुडा लिहितात. पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी पिशवी फुगलेली. नर, असंही लिहितात.

मग ठिकाणाचा रकाना रिकामा करतात. फोटोच्या आत लपलेले अक्षांश-रेखांशही काढून टाकतात. 2001 मध्ये समुद्री घोडे आणि नळीमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. तरी वाळलेल्या घोड्याला गिऱ्हाईक मिळतं. नेमकी जागा यादीत लिहिली की ती कुणाच्याही हाती लागते.

सकाळी 11.15

लेंबेहचा घोडा. अंगभर लांब काटे, टोकं गडद. काट्यांवरून दोन नावं समोर येतात, हिस्ट्रिक्स आणि स्पिनोसिसिमस. इथे मुस्कट मोजावं लागतं. फोटोत मोजपट्टी नाही, पण तिची गरजही नाही, कारण लागतं ते प्रमाण. डोक्याची लांबी भागिले मुस्कटाची लांबी.

कर्कटकाचं एक टोक मुस्कटाच्या शेंड्यावर, दुसरं डोळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर. 51 मिलिमीटर, पडद्यावर. मग शेंड्यापासून डोकं संपतं त्या पहिल्या कडीच्या मध्यापर्यंत. 92. भागाकार 1.8. म्हणजे मुस्कट डोक्याच्या निम्म्याहून मोठं. हिस्ट्रिक्सचं तसंच असतं. स्पिनोसिसिमसचा आकडा साधारण 2.2 च्या आसपास येतो.

पुढची फ्रेम त्याच घोड्याची. ताई तीही मोजतात, मला दाखवण्यासाठी. 2.1. जात बदलली की काय?

"दुसरा डोळा दिसतोय ना?" त्या विचारतात.

दिसतोय. डोकं कॅमेऱ्याकडे वळलंय. अशा वेळी मुस्कट आणि डोकं सारख्या प्रमाणात आखूड होत नाहीत, आणि इतक्या जवळून लेन्सही पुढचा भाग फुगवते. पलीकडच्या डोळ्याचा उंचवटा डोकावला की ती फ्रेम मोजायची नाही. ताई तिच्यासमोर फुली मारतात आणि पहिल्या फ्रेमवर हिस्ट्रिक्स लिहितात. इथल्या कुडा-ट्रायमॅक्युलेटसला मात्र हे प्रमाण कामाचं नाही. दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. तिथे काटाच हवा.

दुपारी 1.20

बांगड्याचं सार आणि भात. वीज गेली आहे. इन्व्हर्टर लॅपटॉप पेलतो, मोठा पडदा नाही. लहान पडद्यावर ताई मोजत नाहीत. वीज येईपर्यंत खात्याची वही काढतात. मार्चचे पैसे अजून आलेले नाहीत.

दुपारी 2.30

वीज आली. नळीमासे. हा ढीग लहान, पण वेळ सगळ्यात जास्त खातो.

पहिला फोटो लेंबेहचा, देखणा. लाल-पांढरा, फाटक्या कापडासारखी झालर, डोकं खाली करून लटकलेला. पुण्याच्या डायव्हरने "पाइपफिश" लिहिलंय. ताई पंख मोजतात. पाठीवर दोन वेगळे पंख. पोटाखाली मोठे पंखे. खऱ्या नळीमाशाला पोटाचे पंख नसतातच. हा भूत-नळीमासा, वेगळं कुटुंब. मादी पोटाच्या त्या पंख्यांची ओंजळ करून अंडी सांभाळते. खऱ्या नळीमाशात आणि घोड्यात हे काम नराकडे असतं. झालरीचे धागे आणि मुस्कटावरच्या चिरफळ्या पाहून त्या सोलेनोस्टोमस पॅराडॉक्सस लिहितात.

दुसरा इथला. वाळूवर पडलेली तपकिरी काटकी, डोकं किंचित वर वाकलेलं. ही वाकलेली मान ट्रॅकिरॅम्फस या गणाची. पुढे तीन जाती शक्य. लाँगिरोस्ट्रिसचं मुस्कट लांब, सेराटसचं आखूड. मोजायला जातात, तर मुस्कटाचा शेंडा वाळूत रुतलाय. शेपटीचा पंखही दिसत नाही, पण त्यावरून काही ठरत नाही, कारण या गणात तो मोठेपणी अगदी बारीक राहतो किंवा जातोच.

ताई दहा मिनिटं पाहतात. सगळ्या फ्रेम तपासतात. कुठेच शेंडा नाही. रकान्यात लिहितात: Trachyrhamphus sp. गणाच्या पुढे नाव नाही.

मला वाटतं, या दहा मिनिटांचे 14 रुपये सगळ्यात खरे आहेत. चुकीचं नाव यादीत एकदा शिरलं की पुढचे लोक त्याच्याशी आपले फोटो जुळवून पाहतात, आणि चूक पसरत जाते.

दुपारी 4.40

गोगलगायी. इथे मात्र ताई झालरीपासूनच सुरुवात करतात.

घोड्याची झालर नुसती कातडी असते. गोगलगायीची झालर म्हणजे तिचा श्वास आणि पचन. पाठीच्या मागच्या टोकाला पिसांसारख्या कल्ल्यांचा तुरा असेल तर ती डोरिड. पाठभर बोटांसारखी बोंडं असतील तर एओलिड. त्या बोंडांत पचनाच्या नळ्या शिरलेल्या असतात, आणि खाल्लेल्या हायड्रॉइडचे डंखही ती टोकांना साठवते. अंगाच्या दोन्ही कडा वर उचलून पाठीवर मिटवलेल्या दिसल्या तर एलिसियासारखी, शेवाळाचा रस शोषणारी.

एका फोटोत डोरिडचं अंग आहे, तुरा नाही. मी विचारतो, मग कुठली? ताई फोटोंच्या वेळा पाहतात. चार सेकंद आधीच्या फ्रेममध्ये तुरा फुललेला आहे. काहीतरी खटकलं आणि तिने तो आत घेतला. आधीची फ्रेम नसती तरी पाठीवरचा तो गोल खळगा आणि त्याची उंच कड दिसली असती. त्या बोटाने दाखवतात.

मग काळी, गुलाबी फोडांची एक. लेंबेहची. हिला तुरा कधीच नसतो, कल्ले खाली, अंगाच्या काठाआड असतात. फिलिडिएला पुस्टुलोसा म्हणायचं, पण घाई नाही. याच रंगाचा, याच फोडांचा एक चपटा कृमी आहे, स्यूडोसेरॉस इमिटेटस. हुबेहूब नक्कल. ताई आधी शिंगं शोधतात. दोन काळी शिंगं, स्वतःच्या खळग्यांतून वर आलेली. कृमीला अशी शिंगं नसतात, अंगाची पुढची कडच दोन जागी दुमडलेली असते. शिवाय त्याची कड कागदासारखी पातळ, जागोजागी उचललेली. इथे कड जाड आणि दगडाला बसलेली. गोगलगाय.

सायंकाळी 7.15

गाइड कार्ड घेऊन येतो. आज घोडा नाही, पाणी गढूळ होतं. दोन गोगलगायी आहेत, एक धूसर. ताई कार्ड उतरवून घेतात, त्याला 200 रुपये देतात आणि धूसर फोटो दाखवून सांगतात की फोकस शिंगांवर हवा, पाठीवर नको. तो मान डोलावतो. उद्या सकाळी दोन फेऱ्या आहेत म्हणतो.

रात्री 8.30

हिशोब. 126 फोटो. जातीपर्यंत 71, गणापर्यंत 38, बाकीचे त्याच्याही अलीकडे थांबलेले. 126 गुणिले 14, म्हणजे 1764. त्यातून गाइडचे 200, नेटचं पॅक, वीज. प्रत्येक नावापुढे ताई कारण लिहितात: गालावर आकडा नाही, प्रमाण 1.8, शिंगं खळग्यांतून. हा रकाना कुणी मागितलेला नाही, त्याचे पैसेही नाहीत. उद्या कुणाला नाव पटलं नाही तर भांडायला काहीतरी हवं, असं त्या म्हणतात आणि फाइल पाठवून देतात.