ओळखीच्या पॅनेलसमोर पदोन्नतीची मुलाखत

सरकारी बँकेतील अधिकाऱ्याची पदोन्नती साधारणपणे तीन गोष्टींवर ठरते: वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल म्हणजे एपीएआर, लेखी परीक्षा आणि मुलाखत. कशाला किती गुण, हे प्रत्येक बँक आपल्या परिपत्रकात सांगते. स्केल एकपासून वर जाणाऱ्या या शिडीत स्केल दोनचा मॅनेजर तीनमध्ये गेला की सीनियर मॅनेजर होतो. त्याच्याकडे मोठी शाखा किंवा विभागीय कार्यालयातील एखादे खाते येते आणि हाताखाली अधिकारी येतात. मुलाखत बहुधा दहा-पंधरा मिनिटांची असते. पॅनेलवर वरिष्ठ अधिकारी बसतात. त्यांच्यातल्या एखाद्याने उमेदवाराच्या शाखेला भेट दिलेली असते, दुसऱ्याने आढावा बैठकीत त्याला थकबाकीबद्दल जाब विचारलेला असतो. बाहेरच्या नोकरीच्या मुलाखतीत उमेदवार स्वतःची ओळख करून देतो. इथे ओळख आधीच झालेली असते आणि तिच्यात त्याच्या उणिवाही असतात.

तयारीची सुरुवात म्हणून पॅनेलपुढे आपली कोणती माहिती असू शकते, ते कागदावर मांडावे. पहिला कागद एपीएआरचा. देव दत्त खटल्यात 2008 साली आणि सुखदेव सिंग खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, संबंधित कर्मचाऱ्याला कळवली गेली पाहिजे. त्यामुळे मागच्या काही वर्षांचे अहवाल मिळवून वरिष्ठांचे शेरे शब्दशः वाचता येतात. त्यानंतर शाखेचे ऑडिट अहवाल, विभागीय कार्यालयाच्या भेटीच्या नोंदी, आढावा बैठकांची इतिवृत्ते आणि ग्राहकांच्या तक्रारी पाहाव्यात. ज्या बाबी दोन-तीन ठिकाणी पुन्हापुन्हा येतात, त्यांवर प्रश्न येणार असे धरून चालावे. अशा बाबी सहसा दोन-तीनच निघतात आणि तयारीचा बराचसा वेळ त्यांनाच द्यावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातील शाखेचा स्केल दोनचा व्यवस्थापक मुलाखतीला बसणार आहे. आदल्या आर्थिक वर्षात त्याच्या शाखेचा एनपीए 1 कोटी 20 लाखांवरून 2 कोटी 10 लाखांवर गेला. कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून अधिक काळ थकला की खाते एनपीए होते आणि शाखेच्या नफ्यातून त्यासाठी तरतूद करावी लागते. वाढलेल्या 90 लाखांपैकी 62 लाख एकाच प्रकारच्या कर्जांत होते. ती मुद्रा योजनेतील ‘किशोर’ गटाची, म्हणजे 50 हजार ते 5 लाख रुपयांमधली, कर्जे होती. अशी 31 खाती होती आणि त्यांतली बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षअखेरचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत मंजूर झाली होती. पॅनेलवर बसणारे विभागीय व्यवस्थापक त्या महिन्यांत रोज संध्याकाळी फोन करून आकडा विचारत होते.

या व्यवस्थापकाला विचारले जाते: ‘तुमच्या शाखेत एनपीए एवढा का वाढला?’

अशा वेळी तीन चुकीची उत्तरे सहज तोंडात येतात. पहिले: ‘वरून टार्गेटचं प्रेशर होतं.’ हे खरे असले तरी ज्याच्याकडून ते प्रेशर आले तो समोर बसलेला असतो, आणि मंजुरीच्या कागदावर सही उमेदवाराची असते. दुसरे: ‘चूक झाली सर, यापुढे काळजी घेईन.’ यात नम्रता आहे, पण काळजी म्हणजे नेमके काय, ते कळत नाही. तिसऱ्यात उमेदवार थकबाकीवर एक वाक्य बोलून लगेच वाढलेल्या ठेवींकडे वळतो. पॅनेलला प्रश्न टाळल्याचे कळते आणि पुढचा प्रश्न अधिक तिखट येतो.

चांगल्या उत्तरात पाच गोष्टी क्रमाने येतात: आकडा, कारण, केलेली कृती, आजची स्थिती आणि राहिलेले काम. आकडा उमेदवारानेच आधी आणि पूर्ण सांगावा. समोरच्याकडे तो असतोच, त्यामुळे गोल करून सांगितलेला आकडा तिथल्या तिथे पकडला जातो. कारण असे हवे, जे शाखेच्या आवाक्यात होते. या उदाहरणात व्यवस्थापकाने 31 फाइली पुन्हा उघडल्या. तेव्हा 19 कर्जदारांकडे कर्ज दिल्यानंतरची तपासणी, म्हणजे माल किंवा यंत्र खरोखर आले का हे पाहणारी भेट, वेळेत झालीच नव्हती असे दिसले. उद्दिष्ट वरून आले असले तरी ही भेट घेणे शाखेच्याच हातात होते.

या सगळ्यातून उत्तर साधारण असे तयार होते:

‘सर, मागच्या वर्षी एनपीए 1 कोटी 20 लाखांवरून 2 कोटी 10 लाख झाला. त्यातले 62 लाख 31 किशोर खात्यांत होते. वर्षअखेरीला आम्ही खूप कर्जं एकदम दिली आणि 19 ठिकाणी नंतरची तपासणी वेळेत केली नाही. ती जबाबदारी माझी होती. जूनपासून दर सोमवारी थकीत हप्त्यांची यादी काढून प्रत्येक अधिकाऱ्याला खाती वाटून देतो. सगळ्या 31 कर्जदारांकडे मी स्वतः जाऊन आलो. 14 खाती पूर्ण थकबाकी भरून नियमित झाली, चार लोक अदालतीत तडजोडीने मिटली. एनपीए आता 1 कोटी 74 लाख आहे. 13 खाती अजून बाकी आहेत.’

हे बोलायला मिनिटभर लागतो. त्यात सबब नाही आणि माफीही नाही. ‘पूर्ण थकबाकी भरून’ हे शब्द मुद्दाम आले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्याज आणि मुद्दल मिळून सगळी थकबाकी भरली गेली तरच एनपीए खाते पुन्हा नियमित धरता येते, एखादा हप्ता भरून भागत नाही. हा नियम उमेदवाराला पक्का माहीत आहे, हे पॅनेलला त्या तीन शब्दांतून कळते. शेवटचे वाक्यही तितकेच कामाचे आहे. राहिलेले काम स्वतःहून सांगितले की पुढचा प्रश्न बहुधा त्याच्यावरच येतो, आणि त्याचे उत्तर तयार ठेवता येते.

खरी परीक्षा याच टप्प्यावर होते. काम माहीत असलेले पॅनेल पहिल्या उत्तरावर सहसा थांबत नाही. म्हणून प्रत्येक उणिवेसाठी एकापाठोपाठ एक येणारे तीन प्रश्न लिहून काढावेत. इथे ते असे असतील: ‘त्या 13 खात्यांचं काय करणार?’ ‘या मार्चला पुन्हा तेवढंच टार्गेट आलं तर?’ आणि ‘शाखेत सहा अधिकारी असते, तर हे कसं करवून घेतलं असतं?’ पहिल्याला खातेनिहाय माहिती लागते: किती जणांशी तडजोडीची बोलणी चालू आहेत, किती जण गाव सोडून गेले, जामीनदार कुठे आहे. दुसऱ्याला ठोस व्यवस्था सांगावी लागते. उदाहरणार्थ, प्रस्ताव डिसेंबरपासूनच गोळा करायचे आणि तपासणीची तारीख मंजुरीच्या दिवशीच डायरीत टाकायची. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो वरच्या पदाबद्दल आहे. ‘मी स्वतः जाऊन आलो’ हे स्केल दोनचे उत्तर झाले. स्केल तीनसाठी काम कसे वाटले, कुठे तपासले आणि मागे पडणाऱ्या अधिकाऱ्याला कसे सांभाळून घेतले, हे सांगता यायला हवे. पॅनेल नव्या पदासाठी माणूस निवडत असते, त्यामुळे उणिवेवरचे उत्तरही त्या पदाच्या उंचीवरून द्यावे लागते.

काही उणिवा आकड्यांत मावत नाहीत. समजा, याच व्यवस्थापकाच्या अहवालात शेरा आहे की तो सगळी कामे स्वतःकडे ठेवतो. स्वभावाच्या उणिवेवर ‘आता मी बदललो आहे’ असे सांगून कुणाचा विश्वास बसत नाही. घडलेली एक गोष्ट मात्र पुरावा ठरते. ऑडिटच्या शेऱ्यांची पूर्तता त्याने सहकारी अधिकाऱ्याकडे सोपवली, मधल्या आठवड्यात तो रजेवर गेला आणि पूर्ततेचा अहवाल तरीही वेळेत पोहोचला, हे तो सांगू शकतो. ही गोष्ट विभागीय कार्यालयाच्या नोंदीत दिसते, म्हणून पटते. अशी एकही घटना आठवत नसेल तर उणीव अजून तशीच आहे असे समजावे. मुलाखतीला काही महिने असताना ती घटना घडवून आणणे हाच तयारीचा भाग असतो.

ओळखीच्या पॅनेलपुढे चांगल्या कामाचीही अडचण होते. ‘सर, तुम्हाला तर माहीतच आहे’ या वाक्याने उमेदवाराचे मोठे नुकसान होते. पॅनेलवरच्या एकाला ते काम माहीत असते, बाकीच्यांना नसते. ज्याला माहीत असते, त्यालाही मुलाखतीत ऐकलेल्या उत्तरावर गुण द्यायचे असतात. त्यामुळे सर्वांना ठाऊक असलेली कामगिरीदेखील नव्याने, आकड्यांसह, पूर्ण सांगावी. बोलताना नजर फक्त ओळखीच्या माणसाकडे राहू नये. जुन्या प्रसंगांचे जिव्हाळ्याचे उल्लेख टाळावेत, कारण ते इतरांना खटकतात आणि ओळखीच्या सदस्यालाही अवघडल्यासारखे करतात.

वरिष्ठाच्या निर्णयाचा संबंध येतो, तिथे भाषा जपून वापरावी लागते. विभागीय व्यवस्थापकांनी स्वतःच विचारले की ‘टार्गेट जास्त होतं असं म्हणायचंय का?’, तर ‘नाही सर’ हे खोटे ठरते आणि ‘हो सर’ हा आरोप वाटतो. ‘टार्गेट मोठं होतं, पण ते पूर्ण करताना तपासणीला लागणारी माणसं मी आधी मोजली नाहीत. ती मोजून तेव्हाच आपल्याला कळवायला हवं होतं,’ हे उत्तर खरे असते आणि कुणाला कोपऱ्यात ढकलत नाही. पुढच्या वेळी हा माणूस अडचण वेळेवर कळवेल, हेही त्यातून दिसते.

सरावासाठी कौतुक करणारा मित्र उपयोगाचा नाही. शाखेचे आकडे माहीत असलेला आणि आपल्या कामातले दोष पाहिलेला सहकारी, किंवा पॅनेलवर नसलेला एखादा जुना वरिष्ठ अधिकारी, समोर बसवावा. ‘तुम्ही पॅनेलवर असतात तर मला काय विचारलं असतं?’ एवढेच त्याला विचारावे. त्याने काढलेले प्रश्न आपल्या यादीत नसतील तर यादी अपुरी आहे. उत्तरे मोठ्याने देऊन घड्याळ लावावे. दोन मिनिटांपेक्षा लांबलेल्या उत्तरात बहुधा सबब शिरलेली असते. पॅनेलच्या सदस्यांना मात्र मुलाखतीआधी भेटून शब्द टाकायला सांगू नये. त्याने नियमभंग होऊ शकतो आणि असलेली पतही जाते.

या तयारीलाही मर्यादा आहेत. एपीएआरचे गुण मुलाखतीच्या दिवशी बदलत नाहीत. जागा मोजक्या असतात आणि निवड गुणानुक्रमे होते, त्यामुळे चांगले उत्तर देऊनही नाव यादीत येईलच असे नाही. आणि उणिवेवर काही केलेच नसेल, तर तिला झाकणारे वाक्य शोधून मिळत नाही. वरच्या उदाहरणातले उत्तर उभे राहते, कारण सोमवारची यादी जूनपासून निघत होती. म्हणून ही तयारी पदोन्नतीचे परिपत्रक निघण्याची वाट न पाहता निदान सहा महिने आधी, अहवालातले शेरे हातात घेऊन सुरू करावी लागते.