इंजेक्शन किती, कुठून आणि पुन्हा कधी?

कॅज्युअल्टीत किंवा आयसीयूच्या दाराजवळ चाकांवरची एक लाल ट्रॉली उभी असते. तिला क्रॅश कार्ट म्हणतात. वर शॉक देण्याचं मशीन, खाली खणांत नळ्या, सुया, सलाईन आणि हृदय बंद पडल्यावर लागणारी मोजकी औषधं. खणाच्या झाकणावर किंवा ट्रॉलीच्या कडेला एक लॅमिनेट केलेलं कार्ड अडकवलेलं दिसतं. त्यावर चार रकाने असतात: औषधाचं नाव, मात्रा, ते कुठून द्यायचं आणि पुन्हा कधी द्यायचं. तिथल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना हे सगळं शिकवलेलं असतं, तरी कार्ड लागतंच. मध्यरात्री पेशंटचं हृदय थांबलं, नातेवाईक दारात रडताहेत, कुणीतरी छाती दाबतंय, अशा वेळी मिलिग्रॅमचं मिलिलिटर करण्याचं साधं गणितही चुकतं. ते गणित आधीच, शांत डोक्यानं करून ठेवणं हे त्या कार्डाचं काम.

पहिली ओळ बहुधा अ‍ॅड्रिनलिनची असते. मोठ्या माणसाचं हृदय बंद पडलं तर 1 मिलिग्रॅम, शिरेतून, दर 3 ते 5 मिनिटांनी. आपल्याकडे मिळणाऱ्या अ‍ॅम्प्यूलमध्ये 1 मिलिलिटरमध्ये बरोबर 1 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे एक पूर्ण अ‍ॅम्प्यूल. शीर सापडत नसेल तर नडगीच्या हाडात खास सुई घालून तिथून देतात. सिनेमात दाखवतात तसं थेट हृदयात सुई खुपसणं केव्हाच मागे पडलं. त्यात फुप्फुसाला आणि हृदयालाच इजा होते, आणि तेवढा वेळ छाती दाबणं थांबतं ते वेगळंच.

औषध हाताच्या शिरेत टोचलं की काम झालं असंही नाही. हृदय थांबलेलं असताना रक्त फिरतं ते फक्त छाती दाबल्यामुळे, आणि तेही फार मंद. औषध कोपराशीच रेंगाळतं. म्हणून मागोमाग 20 मिलिलिटर सलाईन ढकलायचं आणि हात काही सेकंद वर उचलून धरायचा. चांगल्या कार्डावर ही सूचना अ‍ॅड्रिनलिनच्याच ओळीत लिहिलेली असते.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहू. समजा, 10 वाजून 20 मिनिटांनी मॉनिटरवर हृदय नुसतं थरथरताना दिसलं. लगेच पहिला शॉक, आणि दोन मिनिटं छाती दाबणं. 10:22 ला नाडी तपासली, थरथर तशीच. दुसरा शॉक, छाती दाबणं पुन्हा सुरू, आणि आता अ‍ॅड्रिनलिनचा पहिला डोस. 10:24 ला तिसरा शॉक आणि अमिओडॅरोन 300 मिलिग्रॅम. त्याचं अ‍ॅम्प्यूल 150 चं येतं, म्हणून कार्डावर ‘2 अ‍ॅम्प्यूल’ असंच लिहिलेलं बरं. 10:26 ला चौथा शॉक आणि अ‍ॅड्रिनलिन दुसऱ्यांदा. 10:28 ला पाचवा शॉक, आणि अमिओडॅरोनचं शेवटचं 1 अ‍ॅम्प्यूल. हा अमेरिकी क्रम झाला. युरोपात अ‍ॅड्रिनलिनची सुरुवात तिसऱ्या शॉकनंतर होते. मॉनिटरवर सरळ रेघ असेल तर मात्र शॉकचा उपयोग नसतो, तिथे अ‍ॅड्रिनलिन शक्य तितक्या लवकर द्यायचं.

‘दर 3 ते 5 मिनिटांनी’ हे वाचायला सोपं, पाळायला अवघड. गडबडीत दोन मिनिटं दहा वाटतात, कधी दहा मिनिटं दोन वाटतात. म्हणून शहाणी टीम घड्याळाला बांधून घेते: नाडीची तपासणी दर दोन मिनिटांनी होतेच, एक सोडून एक तपासणीला अ‍ॅड्रिनलिन. एका सिस्टरकडे फक्त कागद-पेन द्यायचं. औषध देणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, “अ‍ॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम दिलं”, आणि तिनं वेळ उच्चारून लिहायची, “दहा बावीस”. हे झालं नाही तर “मघाशी दिलं होतं ना?” या प्रश्नावर दोघांची दोन उत्तरं येतात.

सगळ्यात घातक चूक याच ओळीच्या आसपास घडते. तेच अ‍ॅम्प्यूल दुसऱ्या एका संकटातही वापरतात: मधमाशी चावून किंवा एखाद्या इंजेक्शनची तीव्र अ‍ॅलर्जी होऊन पेशंटचा घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. तिथे मात्रा अर्धी, 0.5 मिलिग्रॅम, आणि तीही मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत; फरक नाही पडला तर 5 मिनिटांनी पुन्हा. या पेशंटचं हृदय चालू असतं. घाईत कुणी कार्डाची पहिली ओळ वाचून पूर्ण अ‍ॅम्प्यूल शिरेत ढकललं, तर रक्तदाब एकदम उसळतो, ठोके बेताल होतात आणि चालतं हृदय बंद पडू शकतं. म्हणून अ‍ॅलर्जीची ओळ वेगळ्या रंगात, वेगळ्या चौकटीत आणि ‘स्नायूत’ हा शब्द ठळक, असा माझा तरी आग्रह असेल.

लहान मुलांचं गणित आणखी नाजूक. मात्रा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. वर्षाचं, 10 किलोचं बाळ धरलं तर 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे अ‍ॅम्प्यूलचा दहावा हिस्सा. इतका बारीक थेंब सिरिंजमध्ये मोजणं कठीण. म्हणून 1 मिलिलिटर औषधात 9 मिलिलिटर सलाईन मिसळून 10 करायचे; आता या बाळाला त्यातलं 1 मिलिलिटर पुरतं. पण सिरिंजवर चिठ्ठी लावली नाही, तर पुढच्या हाताला कळणार कसं की आतलं औषध पातळ केलेलं आहे की नाही? चूक झाली तर ती दहापटीची. बाटल्यांवरची 1:1000 आणि 1:10000 ही गुणोत्तरं याच घोळाला हातभार लावत, म्हणून अमेरिकेनं 2016 मध्ये अ‍ॅड्रिनलिनच्या लेबलांवरून ती काढायला लावली.

कार्ड पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलं तरी फसगत होते. अ‍ॅट्रोपिन घ्या. ठोके धोकादायक मंद झाले तर 1 मिलिग्रॅम शिरेतून, दर 3 ते 5 मिनिटांनी, एकूण 3 मिलिग्रॅमपर्यंत, असं अमेरिकेची 2020 ची नियमावली सांगते. आपल्याकडचं नेहमीचं अ‍ॅम्प्यूल मात्र 0.6 मिलिग्रॅमचं. एकात पुरेसं होत नाही, दोनांत थोडं जास्त होतं, आणि ऐन वेळी सिस्टर डॉक्टरांच्या तोंडाकडे बघते. मिलिलिटरमध्ये किती भरायचं हे कार्डावरच ठरवून लिहिलेलं हवं. उलट फार कमी मात्रा देऊनही चालत नाही. अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर ठोके वाढण्याऐवजी आणखी मंदावू शकतात.

हेच अ‍ॅट्रोपिन कार्डाचं वयही सांगतं. सरळ रेघेसाठी ते पूर्वी सर्रास देत. 2010 मध्ये अमेरिकी नियमावलीतून ते वगळलं गेलं. व्हॅसोप्रेसिन 40 युनिट ही ओळ 2015 मध्ये गेली. मात्रेतला बदल तर 2020 चा, त्याआधी अर्धा मिलिग्रॅमच असे. त्यामुळे एखाद्या ट्रॉलीवर सरळ रेघेसमोर अ‍ॅट्रोपिन लिहिलेलं दिसलं, तर ते लॅमिनेशन दहा वर्षांहून जुनं आहे हे नक्की. खालच्या कोपऱ्यात तारीख आणि सही असली की ते शोधत बसावं लागत नाही. आणि मेडिकल स्टोअरनं पुरवठादार बदलून वेगळ्या ताकदीची अ‍ॅम्प्यूल मागवली, तर नवा माल खणात ठेवण्याआधी ते कार्ड काढून घ्यावं लागतं.