पैसे जमा होतात, पण निघत नाहीत

सरकारी योजनेचे पंधराशे रुपये जमा झाल्याचा मेसेज येतो. बँक मित्राच्या मशीनवर अंगठा लावून शिल्लक पाहिली तर तीही बरोबर दिसते. पण हजार रुपये काढायला गेलं की व्यवहार नाकारला जातो. शाखेत चौकशी केल्यावर उत्तर मिळतं, ‘तुमची केवायसी पेंडिंग आहे, खातं होल्डला आहे.’ दहा-अकरा वर्षांपूर्वी जन धन योजनेत खातं उघडलेल्या अनेकांना हा अनुभव येतो आणि त्यात त्यांची चूक फारशी नसते.

केवायसी खातं उघडताना एकदाच होते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात काळा पैसा रोखण्याच्या 2002 च्या कायद्यानुसार आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेला ग्राहकाची माहिती ठरावीक काळाने ताजी करावी लागते. त्यासाठी बँक प्रत्येक ग्राहकाला जोखमीच्या एका गटात टाकते. जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी किमान दोन वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची आठ वर्षांतून आणि कमी जोखमीच्या ग्राहकाची दहा वर्षांतून एकदा व्हावी लागते. पगारदार, पेन्शनर, शेतमजूर, गृहिणी हे बहुतेक जण कमी जोखमीच्या गटात येतात. आपण कोणत्या गटात आहोत हे बँकेने ग्राहकाला सांगायचं नसतं, म्हणून आपली मुदत कधी संपते हे पासबुकावरून कळत नाही.

जन धन योजना 28 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झाली आणि पहिल्या काही महिन्यांतच कोट्यवधी खाती उघडली गेली. त्या सगळ्यांची दहा वर्षं साहजिकच एकदम भरली. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2024 मध्येच बँकांना बजावलं होतं की केवायसीसाठी अडकलेल्या खात्यांत सरकारी अनुदान घेणाऱ्यांची खाती वेगळी काढा आणि अनुदान जमा होण्यात खंड पडू देऊ नका. पुढे 12 जून 2025 रोजी नियमात मोठी सवलत आली. कमी जोखमीच्या व्यक्तीची केवायसी देय झाली, तरी त्या तारखेपासून एक वर्ष किंवा 30 जून 2026, यांपैकी जे नंतर येईल तोवर बँकेने सगळे व्यवहार चालू ठेवायचे.

एक उदाहरण घेऊ. एका बाईंचं खातं डिसेंबर 2014 मध्ये उघडलं. त्यांची केवायसी डिसेंबर 2024 मध्ये देय झाली, पण सवलतीमुळे त्यांना 30 जून 2026 पर्यंत वेळ मिळाला. त्यांच्या जावेचं खातं ऑगस्ट 2016 मधलं. तिची मुदत ऑगस्ट 2026 मध्ये भरते आणि सवलत ऑगस्ट 2027 पर्यंत जाते. समजा, पहिल्या बाईंची केवायसी जून 2026 अखेरही झाली नाही आणि बँकेने खात्यावर निर्बंध आणला. खात्यात सहा हजार रुपये आहेत.

निर्बंधात नेमकं काय बंद होतं, हे बँकेनुसार थोडं बदलतं. पण सहसा आधी पैसे बाहेर जाणं थांबतं. एटीएममधून आणि काउंटरवरून रक्कम निघत नाही, अंगठ्यावरही निघत नाही. यूपीआयने किराणा दुकानदाराला पैसे जात नाहीत आणि दिलेला चेक परत येतो. आत येणारे पैसे मात्र येत राहतात. योजनेचे पंधराशे जमा होतात, मुलाने पाठवलेले पैसे पोचतात, बचत खात्यावरचं व्याजही लागतं. म्हणूनच गोंधळ होतो, कारण खातं चालू दिसतं. काही ठिकाणी पुढची पायरी म्हणून जमाही बंद केली जाते. तेव्हा आलेली रक्कम पाठवणाऱ्याकडे परत फिरते.

रोख निघाली नाही की माणूस त्याच दिवशी शाखेत धावतो. जास्त नुकसान आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचं होतं, कारण ते लगेच लक्षात येत नाही. या बाईंच्या शिलाई मशीनच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातो. सहा हजार शिल्लक असूनही पाच जुलैचा हप्ता परत जातो. कर्ज देणारी कंपनी थकल्याचा दंड लावते, बँक हप्ता परत गेल्याचं शुल्क घेऊ शकते आणि ही थकबाकी क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसू शकते. त्याहून गंभीर बाब विम्याची आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे 436 रुपये आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये वर्षातून एकदा याच खात्यातून कापले जातात आणि संरक्षण 1 जून ते 31 मे असतं. निर्बंध तसाच राहिला आणि पुढच्या मे अखेरीस रक्कम कापली गेली नाही, तर प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण जूनपासून थांबतं. घरच्यांना हे कळतं ते दावा करायला गेल्यावर. खातं अडकल्याचं कळताच त्यातून कोणते हप्ते जातात ते आधी पाहावं आणि कर्ज देणाऱ्याला फोन करून त्या महिन्याचा हप्ता दुसऱ्या मार्गाने भरावा.

इथे दोन गोष्टींची गल्लत टाळायला हवी. दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, तो वेगळा नियम आहे. लाडकी बहीण किंवा पीएम किसानची ई-केवायसीही वेगळी असते. ती योजनेच्या पोर्टलवर होते आणि त्यातून बँकेची केवायसी होत नाही. ‘मी तर केवायसी केली’ असं शाखेत सांगणाऱ्या अनेकांनी खरोखर केलेली असते, पण ती योजनेची.

बँकेचं काम त्या मानाने सोपं असतं. नाव, पत्ता काहीच बदललं नसेल तर तसं स्वघोषणापत्र पुरेसं आहे. ते नोंदवलेल्या मोबाइलवरून, ई-मेलने, ॲपमधून किंवा पत्राने देता येतं. पत्ता बदलला असेल तरी आधी घोषणापत्र चालतं, बँक दोन महिन्यांत पडताळणी करते. जून 2025 पासून बँका हे काम बँक मित्रामार्फतही करून घेऊ शकतात. अडचण येते ती जुनी कागदपत्रं आजच्या मान्य यादीत बसत नसतील तेव्हा. त्या वेळी आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा रोजगार हमीचं जॉब कार्ड यांपैकी एक लागतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणीचा दाखला सोबत न्यावा. खात्यावर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असेल तर त्याशिवाय फॉर्म परत येतो.

मुदतीआधी किमान तीन सूचना आणि त्यानंतर किमान तीन स्मरणपत्रं देणं बँकेवर बंधनकारक आहे. दोन्ही वेळा त्यांतली एक तरी पत्राने असायला हवी. जुना पत्ता आणि बंद पडलेला मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर यातलं काहीच पोचत नाही. आणि ‘आज रात्री खातं बंद होईल, ही फाइल डाउनलोड करा’ असा मेसेज आला तर तो फसवणुकीचाच समजावा. केवायसीसाठी बँक फोनवर किंवा मेसेजवर ओटीपी किंवा पिन विचारत नाही.

फॉर्म दिल्यावर तारखेची पोच मागून घ्या, ती देणं बँकेचं कर्तव्य आहे. खातं सुरू झालं नाही तर त्याच पोचेच्या आधारे शाखेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार विनामूल्य नोंदवता येते, आणि माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.