मुंडावळ्या, नथ आणि पेनचा दाब

लग्नाच्या ग्रुप फोटोत पंचवीस माणसं नीट आलेली असतात आणि नेमके नवरीचे डोळे मिटलेले असतात. लगेच पुढच्या क्लिकमध्ये तिचे डोळे उघडे, हसू छान, पण मागचे काका वळून कुणाशी तरी बोलतायत. अशा वेळी दुसऱ्या फोटोतला नवरीचा चेहरा पहिल्या फोटोवर बसवतात. चेहरा कुणा दुसऱ्याचा नसतो, तिचाच असतो. तरीही हे काम घाईत उरकलं, तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. दोष बहुतेक वेळा कडेचा असतो.

फोटोशॉपमध्ये दुसरा फोटो पहिल्याच्या वर वेगळ्या लेयरवर ठेवतात. त्याची ओपॅसिटी पन्नास टक्क्यांवर आणली, की दोन्ही चेहरे एकावर एक दिसतात. डोळे एकीकडे मिटलेले असल्यामुळे जुळवणी डोळ्यांच्या कोपऱ्यांवरून आणि नाकपुड्यांवरून करावी. फ्लॅशमुळे उजेडात फरक पडला असेल, तर तोही आत्ताच सारखा करून घ्यावा. मास्क कितीही मऊ असला तरी रंगातला फरक लपत नाही. मग ओपॅसिटी पुन्हा शंभर टक्के करून त्या लेयरला काळा मास्क लावायचा. मास्क काळा असतो तिथे वरचा लेयर लपतो, पांढरा रंगवला तिथे दिसतो आणि करडा ठेवला तिथे दोन्ही चेहरे मिसळतात. सगळी करामत या करड्या पट्ट्याची आहे.

हा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा असून चालत नाही. गालाच्या किंवा कपाळाच्या सपाट त्वचेवर तो चांगला रुंद हवा. हनुवटीच्या आणि जबड्याच्या रेषेवर मात्र अरुंद हवा, कारण तिथे चेहरा संपून गळा सुरू होतो. तिथे करडा रंग पसरला, की हनुवटीच्या दोन फिकट रेषा दिसू लागतात. सिलेक्शन करून भोवती एकसारखी फेदर देण्याची पद्धत इथेच फसते.

माउसच्या बटणाला दाब कळत नाही. पेन टॅबलेटच्या पेनला कळतो. रांगोळी घालताना चिमटीच्या दाबाने रेघ जशी जाड-बारीक होते, तसा इथे हाताच्या दाबाने करडा रंग गडद-फिका होतो. त्यासाठी ब्रश गोल आणि पूर्ण मऊ घ्यावा, म्हणजे हार्डनेस शून्य. ब्रश सेटिंग्जमध्ये ट्रान्सफर या भागात फ्लोचा कंट्रोल पेन प्रेशरला द्यावा आणि फ्लो पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास ठेवावा. आकाराला मात्र दाब जोडू नये. जोडला तर हलक्या हाताने बारीक ओरखडे उमटतात आणि हवा असलेला रुंद पट्टा मिळत नाही. कंट्रोलशेजारी उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसला, तर फोटोशॉपला पेनचा दाब कळत नाहीये असं समजावं. विंडोजवर अशा वेळी टॅबलेटच्या सेटिंगमधला विंडोज इंक हा पर्याय आधी तपासावा.

आता पांढरा रंग घेऊन डोळ्यांपासून सुरुवात करायची. नुसते डोळे उचलू नयेत. हसताना गाल वर चढतात आणि खालच्या पापणीखाली घडी पडते, म्हणून भुवयांपासून ओठांपर्यंतचा भाग एकाच फोटोतला असावा. मधे हात दाबून, गालाकडे जाताना हलका करत न्यावा. जबड्याजवळ आल्यावर ब्रश लहान करावा. जास्त गेलं तर X दाबून काळा घ्यावा आणि त्याच हलक्या हाताने मागे सारावं.

खरा कस लागतो तो दागिन्यांपाशी. दोन क्लिकमध्ये मान जराशी हलली, तरी कपाळाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या मुंडावळ्यांच्या सरी जागा सोडतात. सर एकतर पूर्ण वरच्या फोटोतली घ्यावी किंवा पूर्ण खालच्या. सरीवर करडा रंग आला, की मोती दुप्पट होतात. माझ्या मते सर खालचीच राहू द्यावी आणि मास्कची कड तिच्या आतल्या बाजूने, कपाळाच्या मोकळ्या त्वचेवरून न्यावी. नथीचं उलट: ती ओठांच्या जवळ लोंबते, म्हणून ती चेहऱ्याबरोबर वरच्याच फोटोतली घ्यावी, अगदी शेवटच्या मोत्यापर्यंत.

तपासताना Alt धरून मास्कवर क्लिक केलं, की फक्त काळा-पांढरा मास्क दिसतो आणि राहिलेली भोकं, डाग लगेच कळतात. मग शंभर टक्के झूमवर गाल बघावा. करड्या पट्ट्यात दोन फोटोंचे बारीक कण एकमेकांत मिसळतात, म्हणून तो भाग शेजारच्या त्वचेपेक्षा गुळगुळीत दिसू शकतो. कमी उजेडातल्या हॉलमधल्या फोटोत हे जास्त जाणवतं. तसं झालं तर पट्टा अरुंद करावा.

पण डोकंच वळलं असेल, तर हे काम पेनाने निभत नाही. नाकाची बाजूच बदललेली असते. म्हणून लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना एकच विनंती: ग्रुप उभा असताना कॅमेरा न हलवता लागोपाठ चार-पाच क्लिक घ्या, आणि काम झाल्यावर जेपीईजीबरोबर लेयरची पीएसडी फाइलही जपून ठेवा.